पाच पिपांचा स्टॉप: एका डेमो खात्याच्या नोंदी

२ मार्च, सोमवार

सहा आठवडे चाललेलं डेमो खातं शुक्रवारी थांबवलं. आता आकडे का जुळत नाहीत ते शोधायचं आहे, म्हणून ही वही.

पद्धत साधी होती. युरो-डॉलर, पंधरा मिनिटांचा चार्ट, छोट्या पट्ट्यातून भाव बाहेर पडला की त्या दिशेने सौदा. स्टॉप ५ पिप, टार्गेट १० पिप: भाव पाच पिप उलटा गेला की तोटा घेऊन बाहेर, दहा पिप बाजूने गेला की नफा घेऊन बाहेर. पिप म्हणजे भावातला ०.०००१. खात्यात १०,००० डॉलर आणि प्रत्येक सौद्यात १ टक्का, म्हणजे १०० डॉलर धोक्यात.

सहा आठवड्यांत ४२ सौदे झाले. त्याच सहा आठवड्यांच्या बारवर बॅकटेस्ट चालवली, म्हणजे तीच पद्धत नोंदलेल्या भावांवर परत खेळवली, तर ती म्हणते १७ सौद्यांत टार्गेट लागायला हवं होतं, २५ मध्ये स्टॉप. म्हणजे १७० वजा १२५, ४५ पिप नफा. स्प्रेड म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर; त्यातून प्रत्येक सौद्याला एक पिप स्प्रेड असे ४२ पिप वजा केले की ३ पिप उरतात. थोडक्यात, बरोबरीत सुटायला हवं होतं.

प्रत्यक्षात ११ टार्गेट आणि ३१ स्टॉप. ठरलेल्या आणि मिळालेल्या भावातल्या फरकाचे, म्हणजे स्लिपेजचे, दशांश सोडले तर ४५ पिप तोटा.

४२ हा आकडा छोटा आहे, नशिबाचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण सिग्नल दोन्हीकडे तेच, वेळा त्याच. फक्त सहा सौदे असे आहेत की बॅकटेस्टमध्ये जिंकलेत आणि खात्यात हरलेत. सहाच आहेत तर एकेक उघडून बघता येईल.

३ मार्च, मंगळवार

सहापैकी पहिला सौदा उघडला आणि डोकं चक्रावलं. शॉर्ट होता, म्हणजे आधी विकायचं आणि भाव पडला की परत घ्यायचं. स्टॉप वर पाच पिपांवर. स्टॉप लागला त्या मिनिटाची बार बघितली तर भाव *खाली* गेलेला दिसतो. म्हणजे माझ्या बाजूने. आणि तरी स्टॉप लागलेला.

पहिला संशय ब्रोकरवर गेला, जसा सगळ्यांचा जातो. स्टॉपची शिकार वगैरे. एका मित्राला स्क्रीन दाखवली, तो अशा सिस्टिम बरीच वर्षं लिहितोय. त्याने एकच प्रश्न विचारला: "हा चार्ट कशाचा आहे? बिडचा ना? मग शॉर्टचा स्टॉप बिडवर कुठे लागतो?"

बरोबर. पुस्तकी पातळीवर मला हे ठाऊक होतं, पण बॅकटेस्ट लिहिताना विसरलो. बिड म्हणजे मला विकता येतं तो भाव, आस्क म्हणजे घेता येतं तो. मेटाट्रेडरचा चार्ट बिडवर बनतो. शॉर्ट सौदा बिडला उघडतो पण बंद होतो आस्कला, कारण बंद करायचा म्हणजे विकत घ्यायचं. त्यामुळे त्याचा स्टॉप आस्क बघतो. आस्क चार्टवर नसतोच, वेगळा पर्याय चालू केला तर आत्ताच्या आस्कची एक आडवी रेघ तेवढी दिसते. मागच्या बारमध्ये आस्क कुठे होता ते ती रेघ सांगत नाही.

लाँगचं उलट आहे. आस्कला उघडतो, बिडला बंद होतो, स्टॉप बिड बघतो. म्हणून लाँगचा स्टॉप लागलेला चार्टवर दिसतो आणि शॉर्टचा कधीकधी दिसत नाही. नुसते बार बघून शॉर्टच्या स्टॉपबद्दल भांडायला जाऊ नये, आधी टिक, म्हणजे भावाच्या एकेका बदलाच्या नोंदी, काढाव्यात.

तेच केलं. बिड आणि आस्क दोन्ही असलेल्या टिक:

```python
t = mt5.copy_ticks_range("EURUSD", a, b, mt5.COPY_TICKS_ALL)
df = pd.DataFrame(t)
df["sp"] = (df["ask"] - df["bid"]) / 0.0001
```

४ मार्च, बुधवार

त्या शॉर्टची पूर्ण कहाणी टिकमधून निघाली. भाव उघडण्याच्या बिडपासून किती पिप दूर, असं लिहितो, म्हणजे वाचायला सोपं.

सौदा २१:१० यूटीसीला शून्यावर उघडला, स्टॉप +५ वर. पाऊण तास काहीच झालं नाही. २१:५९ ला बिड +१.१, आस्क +२.०. स्प्रेड ०.९ पिप, नेहमीसारखा. आस्क स्टॉपपासून तीन पिप लांब.

२२:०१ ला स्प्रेड ७.४ पिप झाला. मधला भाव जवळपास जागचा हलला नव्हता, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंनी दरी रुंदावली. बिड −२.१ ला गेला, आस्क +५.३ ला. आस्कने +५ ओलांडला, स्टॉप पेटला आणि सौदा +५.३ ला बंद झाला. चार्टला फक्त बिड दिसतो, म्हणून चार्टवर भाव तीन पिप पडलेला दिसला.

२२:०९ ला स्प्रेड परत १.२. बिड +०.९. जणू काही झालंच नाही. पुढे काही तासांत भाव खरोखर खाली आला आणि टार्गेटच्या पलीकडे गेला. बॅकटेस्टने हा सौदा जिंकला होता, तो असा.

२२:०० यूटीसी म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच. परकीय चलनाचा व्यवहार-दिवस तिथे संपतो आणि नवा सुरू होतो. त्या काही मिनिटांत बँका आपली पुस्तकं पुढच्या तारखेला ओढतात, भाव देणारे कमी असतात, जे देतात ते लांबून देतात. म्हणजे शिकार नव्हती. बाजारात त्या वेळी पाच पिपांच्या आत कोणी उभंच नव्हतं, आणि मी माझा स्टॉप नेमका त्या रिकाम्या जागेत ठेवला होता.

सहाही सौदे तपासले. चार या रोलओव्हरच्या खिडकीत गेलेले: तीन शॉर्ट, एक लाँग. लाँगमध्ये बिड घसरला म्हणून तो चार्टवर दिसतो, एक लांब शेपटी. अशा शेपट्यांना मी पूर्वी सपोर्ट समजायचो!

उरलेले दोन साध्या दिवसातल्या साध्या एक पिप स्प्रेडमुळे गेले. तिथे भाव उलटा चार-साडेचार पिप गेला आणि परतला. बॅकटेस्टच्या हिशेबात पाचला शिवला नाही म्हणून वाचला. पण लाँग उघडतो त्या क्षणीच बिड एक पिप खाली असतो, म्हणजे स्टॉप पाच पिपांवर नाही, चार पिपांवर आहे.

इथे बॅकटेस्टमधली खरी चूक सापडली. मी स्प्रेड शेवटी वजा करत होतो, बिलावरच्या करासारखा. पण स्प्रेड हा आधी जागा खातो आणि मग निकाल बदलतो. सहा सौदे जिंकण्याचे हरण्यात गेले की प्रत्येकी पंधरा पिपांचा फरक, एकूण नव्वद. त्यातून उगाच वजा केलेले ४२ पिप परत द्यायचे. +३ आणि −४५ मधलं ४८ पिपांचं अंतर असं पूर्ण जुळलं. इतकं नेमकं जुळलं की बराच वेळ परत परत बेरीज करत बसलो.

५ मार्च, गुरुवार

आज कागद-पेन्सिल. पद्धतीत काहीच अक्कल नाही असं धरू, भाव वर जाईल की खाली हे नाणेफेकीवर. मग स्प्रेड नेमकं काय करतो?

लाँग घेतला. स्टॉप S, टार्गेट T, स्प्रेड s. बिड सुरुवातीलाच उघडण्याच्या भावाच्या s खाली आहे. म्हणून स्टॉप लागायला त्याला S − s खाली जायचं आहे आणि टार्गेटला T + s वर. दोन भिंतींच्या मधे भटकणाऱ्याला जवळची भिंत आधी लागण्याची शक्यता जास्त, आणि ती अंतराच्या प्रमाणात. टार्गेट आधी लागण्याची शक्यता:

```
P = (S - s) / (S + T)
```

५ आणि १० साठी, स्प्रेड नसता तर ५/१५, म्हणजे तीनात एक. एक पिप स्प्रेड आला की ४/१५, २६.७ टक्के. माझे ४२ पैकी ११ म्हणजे २६ टक्के! अर्थात एवढ्याशा नमुन्यावरून नाचायला नको. पण खातं नाणेफेकीइतकंच हुशार निघालं हे मान्य करायला हरकत नाही.

२० आणि ४० साठी तोच एक पिप: १९/६०, ३१.७ टक्के. तीनात एकच्या जवळजवळ. स्टॉप रुंद असेल तर स्प्रेड भिंतीला फारसा हलवत नाही.

सरासरी तोटा दोन्हीकडे सारखाच येतो, बरोबर एक पिप प्रति सौदा. P मांडून गुणाकार केला की सगळं उडून −s उरतं. मग रुंद स्टॉपचा फायदा काय, असं वाटेल. फायदा पिपांत नाही, पैशांत आहे, कारण पिपाची किंमत दोन्हीकडे वेगळी. तो लेव्हरेजचा भाग, उद्या.

६ मार्च, शुक्रवार

एक लॉट म्हणजे १,००,००० युरो, त्यावर एक पिप म्हणजे १० डॉलर. १०० डॉलर धोक्यात घालायचे आणि स्टॉप ५ पिप, तर १०० भागिले ५० बरोबर २ लॉट. स्टॉप २० पिप असता तर अर्धा लॉट.

घट्ट स्टॉप म्हणजे कमी धोका, असं मनात बसलेलं असतं. धोका तोच राहतो, १०० डॉलर. लॉट चौपट होतो. आणि स्प्रेडला तुमच्या स्टॉपचं काही पडलेलं नाही, तो लॉटवर लागतो. २ लॉटवर एक पिप म्हणजे २० डॉलर, धोक्याच्या रकमेचा पाचवा हिस्सा, सौदा उघडताक्षणी. अर्ध्या लॉटवर ५ डॉलर, विसावा हिस्सा. २ लॉटचे पाच सौदे केले की एका पूर्ण स्टॉपइतके पैसे नुसत्या स्प्रेडमध्ये जातात, बाकी काही चुकलं नाही तरी.

आता लेव्हरेज. हिशेबाला सोपा म्हणून भाव १.१००० धरतो. २ लॉट म्हणजे २,२०,००० डॉलरचा सौदा, खात्यात १०,०००. प्रत्यक्षातलं लेव्हरेज २२ पट. ब्रोकर जाहिरातीत जे १:३० किंवा १:५०० लिहितो त्याच्याशी या बाविसाचा संबंध नाही. तो आकडा फक्त किती रक्कम अडकवून ठेवणार ते सांगतो. १:३० वर या सौद्याला ७,३३३ डॉलर मार्जिन अडकतं, १:५०० वर ४४०. धोका दोन्हीकडे एकच, कारण सौदा एकच.

युरोपीय नियामक एस्माने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी मुख्य चलनजोड्यांवर १:३० ची मर्यादा घातली. तेव्हा घट्ट स्टॉपवाल्यांनी बरीच ओरड केली होती. आता कळतं का. १०,००० च्या खात्यात १:३० वर जास्तीत जास्त २.७२ लॉट बसतात. म्हणजे १ टक्का धोका ठेवून ३.७ पिपांपेक्षा घट्ट स्टॉप लावताच येत नाही, मार्जिन संपतं. माझ्या ५ पिपांच्या सौद्यातही दुसरा तसाच सौदा शेजारी उघडायला जागा नव्हती. १:५०० वाल्या खात्यात २ पिपांचा स्टॉप आणि ५ लॉट खुशाल बसतात. तिथे स्प्रेड अर्धा स्टॉप खाऊन टाकेल, पण अडवणारं कोणी नाही.

मर्यादा म्हणजे इथे कुंपण झालं. ते काही शेत राखत नाही, पण विहिरीत पडू देत नाही.

८ मार्च, रविवार

बाजार उघडायची वाट बघत एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

स्टॉप म्हणजे त्या भावाची हमी नाही. भाव तिथे पोहोचला की मिळेल त्या भावाला बाजारात विक, एवढाच हुकूम. शुक्रवारी बंद झालेला बाजार रविवारी ४० पिप दूर उघडला तर स्टॉप ४० वरच भरला जाणार, ५ वर नाही. २ लॉटवर ४० पिप म्हणजे ८०० डॉलर, ठरवलेल्या धोक्याच्या आठपट. अर्ध्या लॉटवर २०० डॉलर, दुप्पट. उडी तीच, फक्त लॉटमुळे चौपट लागते. घट्ट स्टॉप शांत बाजारात धोका मोजून देतो आणि उडीच्या वेळी तोच धोका वाढवून ठेवतो.

टोकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोला १.२० फ्रँकचा तळ धरून ठेवला होता. १५ जानेवारी २०१५ ला तो अचानक सोडला. १.२० च्या किंचित खाली स्टॉप लावून निवांत बसलेल्यांना तिथे विकत घेणारंच कोणी नव्हतं. स्टॉप भरले गेले ते कितीतरी खाली, आणि अनेकांची खाती शून्याखाली गेली. त्या जोडीत तोपर्यंत हालचाल इतकी कमी होती की स्टॉप घट्ट आणि लॉट मोठे असणं साहजिकच होतं.

१० मार्च, मंगळवार

काल नवीन डेमो चालू केलं, रोलओव्हरच्या खिडकीत सौदे न उघडणारं आणि उघडे असतील तर आधी बंद करणारं. फाटक बसवलं: २१:५५ ते २२:२० यूटीसी.

पहिल्याच रात्री एक लाँग रोलओव्हरला उडाला. २१:०१ यूटीसीला.

अमेरिकेत घड्याळं रविवारी एक तास पुढे गेली. न्यूयॉर्कचे पाच आता २१:०० यूटीसी. मी फाटक बसवलं ते बरोबर, पण चोर एक तास आधी येऊन गेला. युरोपातली घड्याळं महिन्याच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतरही नेहमीसारखं नसतं. यूटीसीत किंवा स्थानिक वेळेत आकडा ठोकून ठेवणं हीच चूक. वेळ न्यूयॉर्कचीच विचारायची:

```python
ny = datetime.now(ZoneInfo("America/New_York"))
hm = (ny.hour, ny.minute)
hold = (16, 55) <= hm < (17, 20)
```

ज्या ब्रोकरचा सर्व्हर न्यूयॉर्कच्या सात तास पुढे चालतो त्यांच्याकडे रोलओव्हर कायम सर्व्हरच्या मध्यरात्री पडतो. माझ्या बॅकटेस्टच्या बार सर्व्हरच्याच वेळेत होत्या, म्हणून हा दोष बॅकटेस्टमध्ये कधी दिसलाच नसता. चालू खात्यातच दिसला.

मित्राला सांगितलं की सौदा बंद करण्याऐवजी वीस मिनिटं स्टॉपच काढून ठेवला तर? स्प्रेड मिटला की परत लावायचा. त्याचं उत्तर: "बावीस पट लेव्हरेज घेऊन वीस मिनिटं स्टॉपशिवाय? मग दिवसभर स्टॉप लावून काय उपयोग?" विषय संपला.

१२ मार्च, गुरुवार

आता स्वॉप, म्हणजे सौदा रात्रभर उघडा ठेवल्याचं व्याज. पाच पिपांच्या सौद्यांत त्याचा फार विचार केला नव्हता, सरासरी सौदा दोन तासांत संपायचा. पण काल बुधवार होता, फाटकाची वेळ दुरुस्त करायला वेळ मिळाला नव्हता म्हणून स्क्रिप्ट बंद होती, आणि एक लाँग हाताने उघडलेला तसाच राहिला. आज सकाळी खात्यातून ४८ डॉलर गेलेले.

हिशेब असा. युरो घेऊन डॉलर विकला म्हणजे युरोवरचं व्याज मिळतं आणि डॉलरवरचं द्यावं लागतं. डॉलरचा दर जास्त असताना लाँग ठेवणारा रोज रात्री फरक भरतो. माझ्या खात्यात लाँगचा स्वॉप −८ पॉइंट आणि शॉर्टचा +३. व्याजातला फरक एकच असेल तर एकाकडून घेतलेलं दुसऱ्याला मिळायला हवं, पण आठ घेतात आणि तीन देतात. मधोमध साडेपाच. वरचे अडीच अडीच दोन्हीकडून ब्रोकरचे. स्वॉपलाही स्वतःचा स्प्रेड असतो, फक्त तो रात्री कापला जातो.

८ पॉइंट म्हणजे ०.८ पिप, २ लॉटवर रात्रीचे १६ डॉलर. बुधवारी तिप्पट, कारण हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांनी चुकता होतो. बुधवारच्या सौद्याची तारीख शुक्रवार असते, ती एक दिवस पुढे ढकलली की थेट सोमवार. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन रात्रींचं व्याज एकदम. अमेरिकी-कॅनडा डॉलरमध्ये हिशेब एका दिवसात होतो, तिथे तिप्पट सहसा गुरुवारी पडतं.

स्वॉप स्टॉपला हलवत नाही. तो खात्यातून जातो, भावातून नाही. म्हणून चार्टवर काही दिसत नाही आणि स्टॉप लागला की तोटा १०० ऐवजी १४८ होतो. "स्टॉप उघडण्याच्या भावाला आणला, आता सौदा फुकट" असं म्हणणाऱ्याचा सौदा एका बुधवारनंतर फुकट राहिलेला नसतो. २ लॉटवर ४८ डॉलर म्हणजे २.४ पिप. बरोबरी खरं तर तेवढी वर आहे.

१६ मार्च, सोमवार

उत्तर सोपं वाटत होतं: स्टॉप रुंद कर, लॉट लहान होईल, स्प्रेडचा हिस्सा घटेल. शनिवार-रविवार त्यावर बसलो तर एक अडचण निघाली.

रुंद स्टॉपचा सौदा जास्त वेळ जगतो. नुसता दुप्पट नाही. दोन भिंतींच्या मधे भटकणाऱ्याला बाहेर पडायला लागणारा वेळ दोन्ही अंतरांच्या गुणाकारावर जातो. ५ आणि १० साठी, स्प्रेड धरून, ४ × ११ म्हणजे ४४. २० आणि ४० साठी १९ × ४१ म्हणजे ७७९. स्टॉप चौपट केला की आयुष्य जवळपास अठरापट. दोन तासांचा सौदा ३५ तासांचा होतो आणि एक-दोन रात्री पाहतो.

तेव्हा दोन खर्च एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. स्प्रेडचा हिस्सा स्टॉप रुंद होईल तसा उतरतो. स्वॉपचा हिस्सा चढतो: लॉट स्टॉपच्या पटीत घटतो, पण रात्री स्टॉपच्या वर्गाने वाढतात, गोळाबेरीज साधी पट. बुधवारची तिप्पट धरून सरासरी रात्र १.४ पट घेतली आणि लाँगसाठी मांडलं:

५ पिपांना स्प्रेड २० टक्के आणि स्वॉप जेमतेम २, एकूण धोक्याच्या २२ टक्के. २० पिपांना स्प्रेड ५ आणि स्वॉप सव्वाआठच्या आसपास, एकूण सव्वातेरा. १० पिपांना १० आणि ४, चौदा. मधे कुठेतरी तळ असणार, तो दोन्ही खर्च सारखे होतात तिथे, साधारण १५ पिपांवर: स्प्रेड ६.७ आणि स्वॉप ६.१, म्हणजे तेराला थोडे कमी.

१० ते २० मधे वक्र जवळजवळ सपाट आहे, तिथे एखाद्या टक्क्यासाठी डोकं फोडण्यात अर्थ नाही. पण ५ कडे तो भिंतीसारखा उभा चढतो. शॉर्टला स्वॉप मिळतो, म्हणून त्याचा तळ आणखी उजवीकडे सरकतो. आणि स्वॉपचे आकडे बदलले, जे व्याजदर हलले की बदलतातच, तर सगळं परत मांडायचं.

१८ मार्च, बुधवार

टिकवर नवी बॅकटेस्ट. लाँग आस्कला उघडून बिडवर बंद, शॉर्ट बिडला उघडून आस्कवर बंद, स्टॉप ज्या टिकवर पेटतो त्याच टिकचा भाव, स्वॉप रात्रीला वेगळा, बुधवारी तीनदा. शेवटी काहीही वजा करायचं नाही.

तपासणी म्हणून जुने ४२ सौदे ५ आणि १० वर चालवले. आले ११ टार्गेट, ३१ स्टॉप, आणि उडालेले सहा तेच. आता आकडे जुळतात.

मग तेच सिग्नल १५ आणि ३० वर, ०.६६ लॉट. रोलओव्हरने उडवलेले चारही वाचले, कारण स्प्रेड ७.४ झाला तरी प्रत्येक बाजूला सव्वातीन पिपच आत येतो आणि १५ मधून तेवढं परवडतं. पण त्यातले दोन पुढे आपल्याच पायाने स्टॉपला गेले. एकूण ४२ मधे १३ टार्गेट. स्प्रेड आता भावातच आहे: १३ × ३० वजा २९ × १५, −४५ पिप.

पिप तेवढेच, −४५. क्षणभर वाटलं परत तेच केलं. पण पाच पिपांच्या सौद्यात एक पिप २० डॉलरचा होता, इथे ६.६० चा. ९०० डॉलरऐवजी २९७, त्यावर स्वॉप. खर्च कमी झाला, सिग्नलमध्ये मात्र पूर्वीही काही नव्हतं आणि आताही नाही. ४२ पैकी १३ म्हणजे ३१ टक्के, कोऱ्या नाणेफेकीलाही १४/४५, ३१ टक्केच मिळतात.

२० मार्च, शुक्रवार

मित्राला आकडे दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे स्टॉप वाईट नव्हता, तू जे झाकत होतास ते उघडं पडलं." मला हे पूर्ण पटलेलं नाही. पाच पिपांवर तो सिग्नल चांगला असता तरी २२ टक्के खर्च काढणारी धार त्यात हवी होती, आणि तेवढी धार माझ्या कुठल्याच सिग्नलमध्ये आजवर दिसलेली नाही.

ब्रेकआउटचा सिग्नल काढून टाकला. टिकची बॅकटेस्ट, न्यूयॉर्कच्या घड्याळाचं फाटक आणि खर्चाचं कोष्टक ठेवलं. आता पुढचा कुठलाही सिग्नल आला की आधी त्याच्या स्टॉपला स्प्रेडने भागायचं. भागाकार दहाच्या खाली आला तर चाचणीच घ्यायची नाही. रोलओव्हर ओलांडणारा सौदा असेल तर भागायला स्प्रेड दुपारचा नाही, २१:०१ चा घ्यायचा. युरोपची घड्याळं २९ ला बदलतील तेव्हा लॉग बघायचा.